काळ्या रानातला ढाळीचा बांध आणि अडून राहिलेले अंदाजपत्रक

परभणी जिल्ह्यातील आमच्या कोरडवाहू शेतात बांधबंदिस्ती करताना अर्ज, सातबारा, आखणी आणि यंत्राचे काम हे सारे सुरळीत पार पडले. अडले ते फक्त तालुक्याच्या कार्यालयातील अंदाजपत्रकावर, आणि त्याचा राग अजून मनात आहे.

अंदाजपत्रकात समतल बांध लिहिलेला होता. हा बांध समपातळीवर असतो, त्यामुळे पाणी त्याच्यामागे तुंबून जागेवरच मुरते. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत आणि कमी पावसाच्या भागात तो उत्तम ठरतो. आमची जमीन मात्र भारी काळी असून वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटरच्या पुढे जातो. अशा मातीत पाणी लवकर मुरत नाही, बांधाच्या वरच्या अंगाला सोयाबीन पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात बांधाला गेलेल्या भेगांतून पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घुसून बांध फुटतो. म्हणून येथे पाणी हळूहळू बाहेर काढणारा ढाळीचा बांध हवा, असे मी सुरुवातीपासून सांगत होतो.

“काका, छापील नमुन्यात समतल बांधच आहे,” हे उत्तर मला पुन्हा पुन्हा मिळाले. पुढे फाइल सांडव्याच्या रेखाचित्रासाठी परत आली, आणि ते जोडल्यावर खालच्या शेजाऱ्याचे संमतीपत्र मागण्यात आले. हे संमतीपत्र मात्र रास्तच होते, कारण बांधाचे पाणी शेवटी कोणाच्या तरी शेतातून नाल्याला जाते. माझा सल्ला आहे की ते अर्जासोबतच द्यावे. अखेर मी शेतात मीटरभर खोल खड्डा घेतला, तळापर्यंत काळी मातीच असल्याचे फोटो जोडले आणि समतल बांधच का, याचे लेखी कारण मागितले. त्यानंतर अधिकारी स्वतः शेतावर आले, शेजारच्या समतल बांधामागे साचलेले पाणी त्यांनी पाहिले, आणि मंजुरी मिळाली. ती हातात पडली तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला.

आखणी पारदर्शक नळीत पाणी भरून होते. शंभर मीटरला 20 ते 40 सेंटीमीटर उतार पुरतो. आम्ही 30 धरला, म्हणजे 20 मीटरवरच्या दोन खुंट्यांत 6 सेंटीमीटरचा फरक. उतार याहून जास्त झाला तर पाणी माती घेऊन पळते. बांधाचे पाणी जेथे बाहेर पडते, त्या चरात हरळी आधीच लावावी, नाहीतर तेथेच घळ पडते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: बांध केवळ माती आणि वाहते पाणी सांभाळतो, पिकाच्या मुळाशी ओल टिकवायला दोन बांधांमधली मशागतच लागते. पेरणी उताराला आडवी करावी, आणि पेरणीनंतर साधारण 30 ते 35 दिवसांनी, शेवटच्या कोळपणीच्या वेळी, कोळप्याला दोरी गुंडाळून सोयाबीनच्या दर चार ओळींनंतर मृत सरी काढावी. कमी पावसात तिच्यात पाणी मुरते आणि जास्त पावसात तीच निचरा करते. बांधावरच्या भेगा मात्र दर वर्षी मृगाआधी माती टाकून व चोपून बुजवाव्यात.