सहा फॅन आणि एकच SYS_FAN1: स्प्लिटर की हब?

नवऱ्याचं लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम घरूनच चालतं. एप्रिल-मेमध्ये रेंडर लावला की आमच्या जुन्या कॅबिनेटमधला पीसी तापून आपोआप हळू व्हायचा. म्हणून जाळीदार पुढचं तोंड असलेलं नवं कॅबिनेट घेतलं. त्यात पुढे १४० मिलिमीटरचे तीन, वर १२० चे दोन आणि मागे १२० चा एक असे सहा पीडब्ल्यूएम फॅन, म्हणजे वेगळ्या वायरवरच्या सिग्नलने वेग बदलणारे, बसवायचे होते. मदरबोर्ड मात्र मायक्रो-एटीएक्स, स्वस्तातला. त्यावर फॅनचा प्लग लावायचे पिनांचे पॉइंट, म्हणजे हेडर, दोनच: CPU_FAN आणि SYS_FAN1.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने लगेच वाय केबल, म्हणजे स्प्लिटर, पुढे केली. "ताई, एका पॉइंटवरून तीन-चार फॅन आरामात चालतात, सगळे तसंच लावतात." तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. चार फॅन चालतीलही, पण ते फॅन कोणते यावर सगळं अवलंबून आहे. केबल घेण्याआधी मी घरी येऊन दोन गोष्टी शोधल्या: हेडर किती करंट देऊ शकतो आणि फॅन किती मागतात.

पहिलं उत्तर मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये मिळालं. माझ्या बोर्डच्या दोन्ही हेडरची मर्यादा १ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टला १२ वॅट. बहुतेक साध्या बोर्डांवर हाच आकडा असतो. पंपासाठी वेगळा ठेवलेला हेडर असेल तर तो २ किंवा ३ अँपिअरचाही असू शकतो. इंटेलच्या २००५ च्या चार-वायर फॅनच्या स्पेसिफिकेशनमध्ये एका फॅनला सतत १.५ अँपिअर आणि सुरू होताना एक सेकंदभर २.२ अँपिअरपर्यंत मुभा आहे. ते वाचून 'हेडरला एवढं झेपतंच' असं समजू नये. तुमच्या बोर्डवरच्या पट्ट्या आणि भाग किती सोसतील, हे बोर्ड बनवणाराच सांगू शकतो. म्हणून आकडा मॅन्युअलमधलाच धरायचा.

दुसरं उत्तर फॅनच्या मधल्या गोल स्टिकरवर होतं. १४० वाल्यांवर ०.२८ अँपिअर, १२० वाल्यांवर ०.२५. बेरीज केली: तीन गुणिले ०.२८ म्हणजे ०.८४, आणि तीन गुणिले ०.२५ म्हणजे ०.७५. एकूण १.५९ अँपिअर. एका हेडरच्या दीडपटीहून जास्त. फॅनमध्ये दिवे असतील आणि ते फॅनच्याच वायरवर चालत असतील, तर त्यांचाही करंट या आकड्यात येतो. वेगळ्या ५ व्होल्टच्या प्लगवर चालणारे रंगीत दिवे या हिशेबात धरायचे नाहीत.

इथे नवऱ्याने एक रास्त शंका काढली: फॅन कधी पूर्ण वेगाने फिरतातच कुठे? ते खरं की नाही, ते मल्टिमीटरने बघितलं. एक स्वस्त एक्स्टेंशन केबल घेऊन तिची फक्त १२ व्होल्टची वायर कापली आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून त्या तुटलेल्या जागी जोडला. वायर रंगीत असतील तर काळी ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी वेग सांगणारी आणि निळी पीडब्ल्यूएमची. माझी केबल पूर्ण काळी होती, त्यामुळे पिन मोजून ओळखावं लागलं. प्लगवरच्या खाचा पहिल्या तीन पिनांच्या बाजूला असतात आणि चौथी, पीडब्ल्यूएमची पिन त्यांच्या बाहेर पडते. दुसरी पिन १२ व्होल्टची.

१४० वाला फॅन पूर्ण वेगाला ०.२१ अँपिअर घेत होता, स्टिकरपेक्षा कमी. अर्ध्या वेगाला जेमतेम ०.०५. हे अपेक्षितच होतं, कारण फॅनला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की मोटरचं काम आठव्या हिश्शाच्या आसपास येतं, वर फॅनमधल्या सर्किटचा थोडा खर्च. तेव्हा रोजच्या वापरात सहाही फॅन मिळून अर्धा अँपिअरही घेणार नाहीत, हे नवऱ्याचं म्हणणं बरोबर निघालं.

तरी मी हिशेब पूर्ण वेगाचाच धरला, आणि या सगळ्यात मला तोच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पीसी सुरू होताना बायोस फॅनचा ताबा घेईपर्यंत बऱ्याच बोर्डांवर फॅन पूर्ण वेगाने धावतात. शिवाय पीडब्ल्यूएमची वायर सैल झाली किंवा तुटली, तर फॅन थांबत नाही, उलट पूर्ण वेग पकडतो. त्या वायरला फॅनच्या आतूनच व्होल्टेज दिलेलं असतं आणि बोर्ड ती खाली ओढून वेग कमी करतो. ओढणारं कोणी नसेल तर सिग्नल शंभर टक्के समजला जातो. वर थांबलेली मोटर फिरायला लागते त्या क्षणी करंट चालू वेगापेक्षा जास्त उसळतो. साधा मल्टिमीटर इतका संथ असतो की ती उसळी त्याला दिसतच नाही. म्हणून मी मोजलेला ०.२१ सोडून स्टिकरवरचा ०.२८ धरला, आणि हेडरच्या मर्यादेच्या ८० टक्क्यांपर्यंतच भरायचं ठरवलं. हे ८० टक्के माझ्या सावधपणाचे आहेत, कुठल्या नियमाचे नव्हेत.

मर्यादा ओलांडली तर काय होतं, हे बोर्डवर अवलंबून आहे. काहींत करंट रोखणारा भाग असतो, मग फॅन सुरूच होत नाहीत किंवा सुरू होऊन बंद पडतात. काहींत तो भाग किंवा बारीक फ्यूज कायमचा जातो आणि हेडर मेला की बोर्ड दुरुस्तीला नेण्यावाचून मार्ग उरत नाही.

या हिशेबाने पुढचे तीन फॅन एका स्प्लिटरवर म्हणजे ०.८४, माझ्या ८० टक्क्यांच्या रेषेच्या वर. आणि उरलेल्या तिघांसाठी हेडरच शिल्लक नव्हता. CPU_FAN मला कूलरसाठी राखायचा होता. कूलरला मात्र स्प्लिटर लावला, कारण त्याचे दोन फॅन ०.१४ चे, बेरीज ०.२८. अशा ठिकाणी वाय केबलच योग्य. हब लावायची काही गरज नाही.

कॅबिनेटच्या सहा फॅनसाठी सेटा पॉवरवर चालणारा हब आणला. अशा हबमध्ये फॅनला १२ व्होल्ट थेट एसएमपीएसकडून मिळतात आणि मदरबोर्डकडून फक्त पीडब्ल्यूएमचा सिग्नल येतो. सेटा पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी १.५ अँपिअरच्या, म्हणजे ४.५ अँपिअर. माझे १.५९ त्यात सहज बसतात. प्लग एसएमपीएसच्या स्वतःच्या केबलवरच लावला. मोलेक्सवरून सेटा करून देणारे एकसंध प्लास्टिकचे स्वस्त अडॅप्टर आतल्या आत शॉर्ट होऊन जळतात, ते मी घरात आणत नाही.

लावण्याआधी हब तपासला. मदरबोर्डकडे जाणाऱ्या त्याच्या केबलमध्ये दोनच वायर हव्यात: वेगाची आणि पीडब्ल्यूएमची. दिसायला हब, पण आतून सहा तोंडांचा स्प्लिटर, असेही प्रकार बाजारात आहेत. त्यांना सेटा प्लगच नसतो. मल्टिमीटर बीप मोडवर ठेवून हेडरकडच्या प्लगची दुसरी पिन आणि सेटा प्लगमधली १२ व्होल्टची पिन यांना टोकं लावली. बीप आला नाही. आला असता तर हेडरचे आणि एसएमपीएसचे १२ व्होल्ट हबमध्ये एकत्र जोडलेले निघाले असते. मग हेडर डीसी मोडमध्ये सात-आठ व्होल्ट देत असताना एसएमपीएसचे १२ व्होल्ट उलटे बोर्डात शिरले असते. असा हब परत करावा.

सगळं जोडून पीसी सुरू केला आणि सहाही फॅन घरघर करत पूर्ण वेगाने सुटले, ते खाली येईचनात. कारण बायोसमध्ये सापडलं. SYS_FAN1 चा मोड Auto वर होता आणि बोर्डने तो डीसी मानला होता. डीसी मोडमध्ये बोर्ड १२ व्होल्ट कमी-जास्त करून वेग बदलतो, पण हबवरच्या फॅनचे १२ व्होल्ट तर बोर्डाच्या हातातच नाहीत. मोड PWM केला तसे फॅन शांत झाले. पुढे लिनक्समध्ये खात्री केली. आमच्या बोर्डवर फॅन सांभाळणाऱ्या चिपसाठी nct6775 ड्रायव्हर लागतो आणि तिच्या hwmon फोल्डरमध्ये रूट म्हणून हे चालवलं:

```
cat pwm2_mode
echo 1 > pwm2_enable
echo 100 > pwm2
cat fan2_input
```

पहिल्या ओळीचं उत्तर १ आलं तर पीडब्ल्यूएम, ० आलं तर डीसी. दुसऱ्या ओळीने ताबा आपल्या हातात येतो, तिसरीत ० ते २५५ पैकी आकडा द्यायचा. १०० म्हणजे सुमारे ४० टक्के. शेवटच्या ओळीत फॅनचे मिनिटाला फेरे दिसतात. हेडरचा क्रमांक प्रत्येक बोर्डवर वेगळा असू शकतो, माझ्याकडे तो २ होता. सिग्नल वाढवताना आणि कमी करताना फेरे बदलले, म्हणजे हबपर्यंत सिग्नल नीट पोचत होता. तपासून झाल्यावर पीसी रीस्टार्ट केला की ताबा परत बायोसकडे जातो.

हबवर वेग सांगणारी वायर फक्त पहिल्या जागेवरच जोडलेली असते, आणि स्प्लिटरवरही एकाच टोकाला. मुद्दामच तशी असते, कारण दोन फॅनचे पल्स एकाच वायरवर मिसळले तर आकडा निरर्थक येतो. पण त्याचा अर्थ उरलेल्या पाच फॅनपैकी एखादा बंद पडला तर बोर्डला कळणारही नाही. पहिल्या जागेवर मी पुढचा मधला फॅन लावला, कारण ग्राफिक्स कार्डापुढची हवा त्याच्याकडून येते. ती जागा मोकळी सोडली तर बायोसमध्ये वेग शून्य दिसतो आणि काही बोर्ड तेवढ्यावरून इशारा देत बसतात. बाकीचे फॅन फिरताहेत का, ते महिन्याला धूळ झाडताना डोळ्यांनी बघते.

जुन्या कॅबिनेटमधला तीन पिनचा फॅन हबच्या सातव्या जागी लावायचा नवऱ्याचा विचार होता. त्याला पीडब्ल्यूएमची पिनच नाही, त्यामुळे हबवर तो सतत १२ व्होल्टला, पूर्ण वेगाने ओरडत राहिला असता. तो सध्या ड्रॉवरमध्ये आहे. डीसी मोड असलेला हेडर मोकळा मिळाला तरच त्याचा उपयोग.