अहवालातील कार्यपद्धतीचा काळ मी कसा ठरवला

तृतीय वर्ष बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आमच्या गटाने मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका गृहनिर्माण सोसायटीच्या बोअरवेलच्या पाण्याची एकूण दुष्फेनता, म्हणजे ज्याला आम्ही सगळे हार्डनेस म्हणतो ती, ईडीटीए टायट्रेशनने मोजली. अहवाल इंग्रजीत द्यायचा होता आणि त्यातील कार्यपद्धतीचा भाग माझ्याकडे आला. लिहायला बसताना माझ्यासमोर तीन मजकूर होते. प्रॅक्टिकलच्या पुस्तिकेत सगळी वाक्ये आज्ञार्थी होती: पन्नास मिलिलीटर नमुना घ्या, बफर घाला, टायट्रेट करा. वर्षाच्या सुरुवातीला दिलेल्या प्रस्तावात तीच कामे भविष्यकाळात होती, कारण तेव्हा ती व्हायची होती. प्रयोगाच्या वहीत तर बहुतेक ठिकाणी क्रियापदच नव्हते, नुसते आकडे आणि तुटक शब्द होते. या तिन्हींतले तुकडे जोडून परिच्छेद तयार होतो, पण त्यातून काय करायचे असते, काय करणार होतो आणि प्रत्यक्षात काय केले यांतला फरक वाचणाऱ्याला कळत नाही.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली होती: "पुस्तिका सूचना देते, तुम्ही साक्ष द्यायची आहे." त्यामुळे आम्ही केलेली प्रत्येक कृती साध्या भूतकाळात, इंग्रजीत ‘वॉज अ‍ॅडेड’, ‘वॉज टायट्रेटेड’ अशा रूपात लिहायची, हे लगेच ठरले. पुस्तिकेतील आज्ञा भूतकाळात आणताना आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला फार मोलाची वाटते. पुस्तिका ‘एक ते दोन मिलिलीटर बफर घाला’ असे म्हणू शकते. ‘घातला’ असे लिहिताना मात्र एक की दोन, हे सांगावेच लागते. आम्ही वही उघडून पाहिली आणि दोन मिलिलीटर असे लिहिले.

तरीही ‘सगळे भूतकाळात’ हा नियम पुरा पडत नाही. आमच्या मसुद्यात इरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाविषयी एक वाक्य होते: सुमारे 10 पीएचला हा दर्शक मुक्त स्थितीत निळा असतो आणि मॅग्नेशियमशी जोडलेला असताना वाइनसारखा लाल दिसतो. हे वाक्य भूतकाळात घातले, तर दर्शक फक्त त्या दुपारी आमच्या टेबलावर निळा होता, असा अर्थ निघतो. म्हणून मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारू लागलो: आमचा प्रयोग झालाच नसता, तरी हे विधान खरे राहिले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर वर्तमानकाळ, ‘नाही’ असेल तर भूतकाळ.

या कसोटीची खरी परीक्षा एंड पॉइंटच्या वाक्याशी झाली, कारण तिथे घटना आणि तथ्य एकमेकांना चिकटून येतात. द्रावणाचा रंग लालचा निळा होईपर्यंत टायट्रेशन केले, हे सांगताना इंग्रजीत सर्रास मुख्य क्रियापद ‘वॉज टायट्रेटेड’ आणि पुढचे उपवाक्य ‘अनटिल द कलर चेंजेस’ असे लिहिले जाते, कारण पुस्तिकेतील ‘चेंजेस’ डोळ्यांसमोर असते. पण त्या शंकुपात्रातला तो रंग त्या वेळी बदलला. ती घटना आहे, म्हणून ‘चेंज्ड’. त्यापुढचे वाक्य मात्र कारण सांगणारे होते: ईडीटीए मॅग्नेशियमला दर्शकापेक्षा घट्ट धरते, त्यामुळे शेवटी दर्शक मोकळा होतो आणि निळा दिसतो. ते वर्तमानकाळात ठेवले. एकाच परिच्छेदात दोन काळ आले म्हणून सुसंगती मोडत नाही. एकाच प्रकारच्या विधानाला कधी हा, कधी तो काळ दिला, तर ती मोडते.

आकड्यांनाही हीच कसोटी लावली. कॅल्शियम कार्बोनेटचे मोलर वस्तुमान 100.09 ग्रॅम प्रति मोल ‘आहे’, ते कुणाच्याही प्रयोगशाळेत तेच राहील. पण आमचे ईडीटीए द्रावण, झिंक सल्फेटशी प्रमाणित केल्यावर, 0.0098 मोलर ‘होते’. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने केलेले द्रावण तसेच निघेल असे नाही. गणनेच्या वाक्यात दोन्ही एकत्र येतात: दुष्फेनता अमुक सूत्राने ‘काढली’, ज्यात V हे लागलेल्या ईडीटीएचे आकारमान ‘आहे’. 50 मिलिलीटर नमुन्याला 12.4 मिलिलीटर ईडीटीए लागले, त्यावरून कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात लिटरमागे सुमारे 243 मिलिग्रॅम हे उत्तर आले. हे वाक्य खरे तर निष्कर्षांच्या भागातले, पण तिथेही मी ‘होती’ हाच शब्द धरून ठेवला. मुंबईत बोअरवेलचे पाणी पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात सारखे असेलच असे नाही. ‘आहे’ लिहिले तर एका नमुन्यावरून साऱ्या वर्षाचा दावा होतो, आणि तो करण्याचा अधिकार आमच्या मोजमापाने आम्हाला दिला नव्हता.

यानंतर कर्मणी रचनेचा प्रश्न आला. गटातील माझ्या जोडीदाराचे मत होते की ‘आम्ही’ हा शब्द अहवालात कुठेच नको. मला ते पूर्ण पटले नाही. अमेरिकन केमिकल सोसायटीचे लेखनविषयक मार्गदर्शनही कर्ता महत्त्वाचा नसेल तिथे कर्मणी रचना चालवते, आणि निर्णय किंवा हेतू सांगताना प्रथम पुरुष वापरायला हरकत घेत नाही. बफर कुणाच्या हाताने घातला याने उत्तर बदलत नाही, म्हणून तिथे कर्मणी रचना योग्यच. पण ‘नमुना गोळा केला गेला’ या वाक्यात कर्ता लपवणे मला धोक्याचे वाटले, कारण आमचा नमुना सोसायटीच्या पंपचालकाने आदल्या संध्याकाळी भरून ठेवला होता. पंप किती वेळ चालू होता, बाटली आधी त्याच पाण्याने विसळली होती का, हे त्यालाच माहीत होते. तिथे आम्ही कर्ता स्पष्ट लिहिला. पहिले अंदाजी वाचन सरासरीतून वगळण्याचा निर्णय आमचा होता, तेही वाक्य ‘आम्ही वगळले’ असेच ठेवले. मॅडमनी दोन्ही वाक्ये मान्य केली. विभागात ‘आम्ही’ मुळीच चालत नसेल, तर ‘वाचन वगळले गेले’ असे लिहून पुढे कारण देता येते.

कर्मणी रचनेत एक अडचण सहज नजरेतून सुटते. इंग्रजीत ‘यूझिंग अ पिपेट, द सॅम्पल वॉज ट्रान्स्फर्ड’ असे लिहिले की व्याकरणाने पिपेट नमुन्याच्याच हातात जाते, कारण वाक्याचा कर्ता तोच आहे. ‘विथ अ पिपेट’ एवढा बदल पुरतो. ‘आफ्टर रिन्सिंग’ने सुरू होणारी वाक्येही याच कारणाने तपासावी लागतात: ब्युरेट विसळला कुणी, हे वाक्याच्या कर्त्याशी जुळत नाही.

शेवटची तपासणी मी मजकूर न वाचता केली. छापील प्रतीत फक्त क्रियापदे अधोरेखित केली आणि समासात प्रत्येकासमोर ‘घटना’ किंवा ‘तथ्य’ असे लिहिले. ज्या ओळीत शब्द आणि काळ जुळेना, ती ओळ तेवढी पुन्हा लिहिली. त्यात आमच्या द्रावणाच्या पीएचचे वाक्य शेवटपर्यंत राहिले होते: 10 पीएच ‘लागतो’ हे तथ्य, आणि आमचा पीएच 10 ‘होता’ हे मोजल्याशिवाय लिहिता येत नाही. आम्ही पीएच पेपरने तपासला होता, म्हणून तेवढेच लिहिले: पेपरवर तो सुमारे 10 आढळला.