स्पॅनिश मेल पाठवायच्या आधीची तपासणी: या महिन्यात काय जमलं

वरूडकडून नमस्कार. व्हॅलेन्सियाकडच्या एका बागायतदाराशी स्पॅनिशमधून माझा पत्रव्यवहार चालू आहे, विषय एकच, संत्र्याचा बगीचा. पाठवायच्या आधी मजकूर तपासून द्यायला गावात दुसरं कोणी नाही, म्हणून आपलं आपणच तपासायची पद्धत बसवतोय. या महिन्यात ती बरीच पक्की झाली म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, उलटं भाषांतर मी आता मराठीतच करतो, इंग्रजीत नाही. स्पॅनिश मजकूर एक रात्र तसाच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी मूळ टिपण न बघता एकेक वाक्य वहीत मराठीत उतरवायचं, आणि काय म्हणायचं होतं ते नाही तर कागदावर काय लिहिलंय तेवढंच उतरवायचं. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

आता हे वाक्य बघा. मला सांगायचं होतं की आजोबा डिसेंबरात पाणी बंद करायचे, म्हणजे अंबिया बहारासाठी झाडाला ताण द्यायचे. कच्च्या मजकुरात क्रियापद होतं 'कोर्तो', शेवटच्या ओवर अ‍ॅक्सेंट. वहीत उतरलं, "आजोबांनी डिसेंबरात पाणी बंद केलं". म्हणजे एकदाच केलं, त्याच वर्षी. दरवर्षीच्या सवयीसाठी 'कोर्ताबा' पाहिजे, आणि आपल्या मराठीत 'केलं' न 'करायचे' हा फरक तयारच आहे म्हणून तो लगेच दिसतो. इंग्रजीत दोन्हीकडे साधा भूतकाळ चालून जातो, काही खटकतच नाही. त्याच शब्दाचा अ‍ॅक्सेंट टाईप करताना सुटला तर अर्थ होतो "मी बंद करतो". डोळा घाईत तिथं थांबत नाही, म्हणून भूतकाळाच्या प्रत्येक क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून एक वेगळी फेरी मारतो.

पण उलट्या भाषांतराला काही गोष्टी अजिबातच दिसत नाहीत. 'पाणी थंड आहे' हे घ्या. आग्वा स्त्रीलिंगी आहे, फक्त उच्चार सोपा जावा म्हणून त्याच्या लगेच आधी 'ला' ऐवजी 'एल' येतं, आणि त्या 'एल'मुळे विशेषण 'फ्रिओ' लिहून जातो माणूस. पाहिजे 'फ्रिआ'. मराठीत आणलं तर दोन्हीचं 'थंड'च होते, मग चूक दिसणार कशी? फोनवरचं भाषांतर अ‍ॅप तर अशा चुका बरेचदा गुपचूप पोटात घालून चांगलं मराठी देते, त्यामुळे तिकडून वाक्य स्वच्छ आलं म्हणजे स्पॅनिश बरोबर आहे असं अजिबात समजू नका. याला उपाय म्हणजे प्रिंट काढून पेन्सिल घ्यायची, प्रत्येक नामाखाली रेघ मारायची, तिथून त्याच्या विशेषणापर्यंत बाण ओढायचा, आणि शेवटच्या वाक्यापासून सुरू करून वर यायचं. उलटं वाचलं की गोष्टीच्या ओघात वाहून जात नाही न माणूस.

'पोर' आणि 'पारा'चं पण तसंच, दोन्हीचं मराठी 'साठी' होऊन बसते. म्हणून उलटं भाषांतर करताना 'पोर' दिसला की 'साठी' लिहायला मी स्वतःला बंदी घातली आहे. तिथं 'मुळे', 'बद्दल', 'खातर', 'बदल्यात' किंवा 'मधून' यातलं काही बसते का ते बघायचं. रोपांसाठी पैसे दिले, म्हणजे रोपांच्या बदल्यात दिले, तर 'पोर' बरोबर. खत रोपांसाठी आणलं, तिथं 'बदल्यात' बसत नाही, 'मुळे' बसत नाही, तो 'पारा' आहे. एवढ्यानं सगळंच सुटते असं नाही, पण माझ्या पत्रातले बहुतेक यात निघतात.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे व्याकरण बरोबर, उलटं भाषांतरही बरोबर, आणि तरी समोरच्याला भलतंच समजते. मजकुरात सगळीकडे 'नारांखा' होतं, मराठीत येताना त्याचं 'संत्रं' झालं, कुठंच काही अडलं नाही. पण तिकडे नारांखा म्हणजे आपल्या मोसंबीच्या जातीचं, घट्ट सालीचं फळ, आणि आपलं हातानं सोलणारं नागपुरी संत्रं त्यांच्या हिशोबानं 'मांदारिना'. तो माणूस छाटणीचा सल्ला देणार तो दुसऱ्याच झाडाचा! म्हणून झाड, कीड, अवजार अशा प्रत्येक नावासाठी आता स्पॅनिश विकिपीडियाचं पान उघडतो न फक्त शास्त्रीय नाव बघतो. सिट्रस रेटिक्युलाटा आलं की आपलं, सिट्रस सायनेन्सिस आलं की ते मोसंबीकडचं.

पुढच्या पत्रात 'सु' तपासायचा आहे, कारण त्याचं, तिचं, त्यांचं आणि तुमचं, सगळ्यांना एकच शब्द. सध्या प्रत्येक 'सु'वर कंसात मालकाचं नाव लिहून बघतोय, आणि दोन नावं बसली की वाक्य मोडून 'दे' लावून सरळ नाव घालतो. तुमच्यापैकी कोणी यासाठी वेगळं काही करत असेल तर सांगा, पत्र रविवारी पाठवणार आहे.