नऊ मुद्दे, नऊ क्रियापदे

बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचा सचिव मीच. सभेत पॅडवर तुटक मुद्दे टिपायचे आणि रात्री प्रोसिडिंग बुकात ते सलग परिच्छेदांत उतरवायचे, हे माझं काम.

मागे एकदा पॅडवर दोन मुद्दे होते: ‘टाकी धुणे – शनिवार’ आणि ‘टाकीला झाकण – अध्यक्ष आणणार’. मी लिहिलं, ‘शनिवारी टाकी धुवून झाकण बसवावे, असे ठरले.’ वाक्य छान उतरलं म्हणून मी समाधानात झोपलो. पुढच्या सभेपर्यंत टाकी धुतली गेली होती, झाकण मात्र आलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, “सर, झाकण कुणी आणायचं ते ह्याच्यात कुठं लिहिलंय?” खरंच नव्हतं लिहिलेलं. ‘धुवून’ या एका शब्दानं दोन ठरावांचा एक केला आणि दुसऱ्यातलं नाव गिळलं.

तेव्हापासून लिहायला बसण्याआधी मी प्रत्येक मुद्द्याला आकडा देतो आणि प्रत्येक मुद्द्याला स्वतःचं पूर्ण क्रियापद देतो: ठरले, सांगितले, मान्य केले. ‘-ऊन’ लावून एक मुद्दा दुसऱ्याच्या पोटात घालत नाही. ‘इत्यादी’ तर लिहीतच नाही, कारण राहिलेलं सगळं त्याच्या आड लपतं.

दिवाळीनंतरच्या सभेत नऊ मुद्दे निघाले. कच्च्या कागदावर मी विषयवार तीन परिच्छेद पाडले. त्यामुळे क्रम बदलला, म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटी पेन्सिलीनं मुद्द्याचा आकडा टाकला. मुलांच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं: ‘दुसरीची खोली गळते (८). त्यामुळे चौथीची हजेरी कमी झाली आहे (४). हंगामी वसतिगृहासाठी मुलांची यादी शुक्रवारपर्यंत करण्याचे ठरले (५).’ आकडे तिन्ही होते, तरी वाचताना अडखळलो. चौथीची मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती, गळतीचा तिथे काय संबंध? ‘त्यामुळे’ हा शब्द सभेत कुणी उच्चारलाच नव्हता, परिच्छेद वाहता व्हावा म्हणून मी घातला होता. मग आठवा मुद्दा इमारतीच्या परिच्छेदात हलवला आणि चौथ्याला पाचवा जोडला: ‘चौथीची हजेरी कमी असल्याचे वर्गशिक्षकांनी सांगितले. हंगामी वसतिगृहासाठी मुलांची यादी शुक्रवारपर्यंत करण्याचे ठरले.’ हंगामी वसतिगृह ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठीच असतं; विषय एकच असल्यानं जोडशब्दाची गरजच पडली नाही.

शेवटी उलटी तपासणी करतो. परिच्छेद वाचत एकेका आकड्यावर पॅडवर बरोबरची खूण करायची. बिनआकड्याचं वाक्य दिसलं तर ते माझ्या मनचं. त्या रात्री आठच खुणा झाल्या. राहिला होता ‘सहल?’ हा मुद्दा. काही ठरलं नव्हतं म्हणून हातानं तो आपसूक वगळला होता. मी लिहिलं, ‘सहलीबाबत चर्चा झाली, निर्णय झाला नाही (९).’ मग पेन्सिलीचे आकडे सोडून सगळं शाईनं प्रोसिडिंग बुकात उतरवलं.