रात्रपाळी

१ फेब्रुवारीपासून कारखान्याची रात्रपाळी बंद. एवढंच कळवायचं होतं. आज तिन्हीकडे कळवून झालं, तरी चैन पडत नाहीये.

घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आप्पा आता रोज रात्री घरी जेवायला!’ काकूंनी हात जोडले, आत्याने विचारलं, मग कडक भाकरी-शेंगाचटणीचा बेत कधी? त्यात खोटं काहीच नाही. आप्पांची झोप, डॉक्टर... असो. पण बातमी आनंदाची झाली, ती माझ्याच हाताने.

फळ्यावरची नोटीस लिहायला दुपार गेली. नुसतं ‘शनिवारी शेवटची रात्रपाळी’ म्हटलं तर शनिवारी पहाटे संपणारी की शनिवारी रात्री सुरू होणारी? म्हणून सरळ लिहिलं: ‘शेवटची रात्रपाळी शनिवार ३१ जानेवारी रात्री ८ ते रविवार १ फेब्रुवारी सकाळी ८.’ काका म्हणाले, ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ घाल. नाही घातलं. तेवढ्या शब्दांवर माणूस महिनाभर आशेवर राहतो आणि दुसरीकडचं काम हातचं जातं. ‘बंद करण्यात येत आहे’ हेही नको वाटलं. कोण करतंय ते कळायला हवं. ‘आम्ही बंद करत आहोत’ लिहून खाली आप्पांची सही घेतली. दिवसपाळीत कुणाला घेतलंय त्यांची नावं आणि बाकीच्यांचा हिशोब ७ फेब्रुवारीला, हेही लिहिलं.

जॉबरने ती तेलुगूत वाचून दाखवली. त्याने आधी नावं वाचली, मग हिशोबाची तारीख, आणि पाळीची वेळ शेवटी. ऐकणारे नावांसाठी आणि हिशोबासाठीच थांबले होते. मी फळ्यावरही तोच क्रम करून घेतला. हे सगळं माझ्याच वाट्याला का, असं तेव्हा फार वाटलं. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही.

पुण्याच्या व्यापाऱ्यांना ईमेल मात्र झटक्यात झाला. विषय: ‘टॉवेलची रवानगी १० ऐवजी २४ फेब्रुवारीला’. पहिल्याच वाक्यात, निम्मा माल १० तारखेलाच हवा असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे. दिलगिरी एकदाच. कारण म्हणून ‘उत्पादनाच्या वेळेत बदल’, बस्स. त्यांना माल कधी मिळणार एवढंच ठरवायचंय. आमची रात्र त्यांच्या कामाची नाही. हे पटतं. तरी त्या तीन शब्दांत रात्रभर उभी राहणारी माणसं कुठेच नाहीत, हे टोचतं.

पण ईमेलमध्ये ती माणसं घालून त्यांना काय मिळणार होतं? ज्याला काही करता येईल त्यालाच सांगायला हवं. जेवणं झाल्यावर घरच्या ग्रुपवर पुन्हा लिहिलं: ‘रात्रपाळीतल्या काही जणांना काम हवंय. सगळे टॉवेलच्या लूमवरचे, हात चांगला. ओळखीत कुठे जागा असेल तर मला फोन करा.’

आत्याचा लगेच फोन आला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तिच्या दिरांच्या ओळखीत दोन जागा आहेत. उद्या मीच जॉबरला घेऊन जाते.