'फिजिकल डॅमेज' म्हणे!

बुधवार, 4 फेब्रुवारी

लॅपटॉपची उजवी बिजागरी तुटून पंधरवडा झाला. झाकण उघडलं की त्या बाजूचं प्लास्टिक उचकटून वर येतं. वॉरंटी ऑगस्टपर्यंत आहे, म्हणून आज शिवाजीनगरला सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला, जॉब शीटवर 'फिजिकल डॅमेज' लिहिलं आणि 9,800 रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं. फिजिकल डॅमेज म्हणजे मी आपटला. आणि आपटला की वॉरंटी संपली.

घरी येऊन मी कंपनीला मेल लिहायला घेतला. दीड पान झाला. त्यात 'विद्यार्थ्यांची लूट', 'अत्यंत उर्मट वागणूक', 'सोशल मीडियावर टाकेन' असं सगळं होतं. पाठवण्याआधी आबांना वाचून दाखवला. आबा सिंचन भवनात हेडक्लार्क होते; लोकांच्या तक्रारी वाचण्यात आणि त्यांना उत्तरं देण्यात (किंवा न देण्यात) त्यांची अख्खी नोकरी गेली.

त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. याला उत्तर द्यायला मला दोन ओळी पुरतील. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' झालं. फाइल बंद."

"मग काय लिहू?"

"अगं, त्यांना उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न यात आहे कुठे?"

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. आबांनी आधी मला लॅपटॉपबद्दलच विचारलं. तुटलं नेमकं काय? हे मला ठाऊक होतं, कारण गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी खालचं झाकण काढून दाखवलं होतं. नाही, चूक. काढू नका असं मीच म्हटलं होतं, कारण बाहेर उघडला की वॉरंटीवर बोट ठेवतात. त्यांनी दुसऱ्याच एका लॅपटॉपवर समजावलं. बिजागरी धातूची असते, पण तिचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रोवलेल्या छोट्या पितळी नटांत बसतात. बिजागरी फार घट्ट असेल तर झाकण उघडताना सगळा जोर त्या नटांवर येतो आणि एक दिवस ते प्लास्टिकचा तुकडा घेऊनच उपटतात. लॅपटॉप पडला असता तर कोपऱ्याला ठोकर दिसली असती, कड चेपली असती, बहुतेक वेळा स्क्रीनलाही तडा जातो. माझ्या लॅपटॉपवर यातलं काहीच नाही.

"मग 'उत्पादनातला दोष आहे' असं ठणकावून लिहिते," मी म्हटलं.

"नको. ते तू सिद्ध कसं करणार? ग्राहक आयोगापुढे गेलं तर अशा दोषासाठी प्रयोगशाळेची तपासणी मागू शकतात. तुला दिसतंय तेवढंच लिही, आणि त्यांना काय दिसलं ते त्यांना सांगू दे."

माझ्या दीड पानातली विशेषणं आबांनी पेन्सिलने एकेक करून खोडली. मी 'उर्मट'साठी भांडले. तो मुलगा खरंच उर्मट होता. आबा म्हणाले, "असेल. पण उत्तर देणारा त्या एका शब्दाला उत्तर देईल, 'चौकशी करू' म्हणेल आणि बिजागरी तशीच राहील." सोशल मीडियाची ओळही गेली. जे नक्की करणार नाही त्याची धमकी द्यायची नाही, आणि जे करणार ते धमकी न वाटता लिहायचं, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी उरलं ते असं. वर विषयात बिलाचा क्रमांक, लॅपटॉपचा सिरीयल नंबर आणि जॉब शीटचा क्रमांक. खाली:

"मी सदर लॅपटॉप दि. 12 ऑगस्ट 2025 रोजी रु. 58,490 ला खरेदी केला. दि. 20 जानेवारी 2026 रोजी झाकण उघडत असताना उजव्या बिजागरीजवळचे प्लास्टिक सुटले. लॅपटॉप पडलेला नाही. कोपरे, कडा व स्क्रीन यांवर आघाताची खूण नाही. सहा फोटो जोडले आहेत. दि. 4 फेब्रुवारी रोजी आपल्या सेवा केंद्राने 'फिजिकल डॅमेज' असा शेरा देऊन विनामूल्य दुरुस्ती नाकारली. हा निष्कर्ष कोणत्या खुणेवरून काढला, ते फोटोसह लेखी कळवावे. अन्यथा हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत बिजागरी व झाकण वॉरंटीअंतर्गत विनामूल्य बदलून द्यावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन."

शेवटची ओळ पोकळ वाटू नये म्हणून मी कायदा उघडून पाहिला. कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. वकीलही सक्तीचा नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनचं आबांना माहीत नव्हतं, ते मी सांगितलं. ती तक्रार कंपनीपुढे नेते, पाठपुरावा करते, पण निकाल देऊ शकत नाही. "मग तिथेही नोंदव, पण मेल गेल्यावर," आबा म्हणाले.

मेल इंग्रजीत केला, कंपनीला आणि दुकानदाराला, दोघांनाही. बिल आणि जॉब शीटचे स्कॅन जोडले. छापील प्रतही पाठवायचीच असा आबांचा हट्ट. त्यांना रजिस्टर ए.डी. हवं होतं, 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं हे ऐकून ते पाच मिनिटं गप्प बसले. उद्या स्पीड पोस्ट, पोचपावतीसकट.

सोमवार, 16 फेब्रुवारी

मधल्या काळात कंपनीतून एका बाईंचा फोन आला होता. गोड बोलल्या, "बघतो" म्हणाल्या. फोन ठेवताच आबांनी लगेच मेल लिहायला लावला: "आज दुपारी आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे प्रकरणाचा फेरविचार चालू आहे. यात माझ्या समजुतीत चूक असल्यास कळवावे." मला हे जरा अतिच वाटलं होतं. आबांच्या मते फोनवरच्या बोलण्याला कागद लागला नाही तर ते बोलणं झालंच नाही.

आज उत्तर आलं. खुणेबद्दल एक अक्षर नाही. पण 'सद्भावना म्हणून, अपवादात्मक बाब म्हणून' बिजागरी आणि झाकण फुकट बदलून देणार. मी उड्याच मारल्या. आबांनी पुन्हा वाचायला लावलं.

"तो शेरा काढलाय का त्यांनी?"

काढला नव्हता. म्हणजे त्यांच्या नोंदीत हा लॅपटॉप अजूनही मी आपटलेलाच. जूनमध्ये डावी बिजागरी गेली, तर पहिलं बोट या शेऱ्यावरच ठेवतील, आणि सद्भावना एकदाच असते. म्हणून उत्तरात आभार मानले आणि एकच मागणी केली: दुरुस्तीच्या नव्या जॉब शीटवर 'वॉरंटीअंतर्गत' असं लिहावं आणि आधीचा शेरा रद्द केल्याचं कळवावं. संध्याकाळी होकार आला, अर्थात फक्त पहिल्या भागाला. आबा म्हणाले, घे, पुरेसं आहे.

शुक्रवारी लॅपटॉप द्यायचा आहे. त्याआधी प्रोजेक्टसकट सगळा डेटा हार्ड डिस्कवर घ्यायला हवा, कारण 'डेटाची जबाबदारी आमची नाही' ही ओळ मात्र त्यांनी जॉब शीटवर ठळक अक्षरांत छापलेली आहे.