पाणी आलं का?

शनिवार, रात्री साडेदहा

सुमतीबाईंच्या कथेचा तिसरा खर्डा आज पुरा झाला. पहिले दोन का फसले ते आजच नीट लक्षात आलं, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवतेय.

ब्याऐंशी वर्षांच्या, स्मृती जात चाललेल्या बाईच्या तोंडून कथा सांगायची, एवढं पहिल्यापासून ठरलं होतं. पहिल्या खर्ड्यात मी आधी सरळ कथा लिहिली, तिचे चौदा तुकडे केले आणि पत्ते पिसावेत तसे पिसले. वर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तीन टिंबं. मैत्रिणीला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, "अगं, मी गोंधळले. पण तुझी बाई कुठे गोंधळलीय?"

तिचं म्हणणं खरं होतं. माझ्या आत्याचीही स्मृती अशीच जात होती आणि तिला मी तीन वर्षं जवळून पाहिलं होतं. सदाशिव पेठेतल्या तिच्या घरी दर रविवारी जायचे आणि परत आले की वहीत टिपून ठेवायचे. आत्याला आपण तुटक बोलतोय असं कधीच वाटलं नाही. तिच्या लेखी एकातून दुसरं सरळ निघत होतं. तुटक दिसायचं ते आम्हाला, कारण मधला सांधा आम्हाला माहीत नसायचा. तेव्हा निवेदन तोडायचं ते वाचकाच्या बाजूनं. बाईच्या बाजूनं ते अखंडच राहिलं पाहिजे. उडी कितीही लांब असो, ती मारायला एखादा आवाज, वास, वस्तू किंवा शब्द हवाच, आणि तो पानावर दिसायला हवा.

माझ्या कथेतला सांधा आत्याच्याच बोलण्यात होता. दर दहा मिनिटांनी ती विचारायची, "पाणी आलं का?" पुण्यात हा प्रश्न घरोघरी रोज विचारला जातो, त्यामुळे आम्ही फक्त "आलं" किंवा "नाही अजून" म्हणायचो. ती कुठलं पाणी म्हणतेय हे कळायला मला वर्ष लागलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. शहराला नळाचं पाणी यायचं तेही खडकवासल्याचंच. म्हणजे आधी दारात पूर आणि मग नळ कोरडे. त्या तीन शब्दांत पूर आहे, पुरानंतरची टंचाई आहे आणि आज सकाळचा नळही आहे. सुमतीबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या, नारायण पेठेतल्या वाड्यात नव्यानं लग्न होऊन आलेल्या. आता हा परिच्छेद असा झालाय:

"नळ सुरू झाला. मी कळशी लावली. मिलिंद दारात उभा. पाणी आलं का, म्हणाला. आलं, म्हटलं, ओंकारेश्वराच्या पायऱ्या केव्हाच गेल्या. अहो, तुम्ही आधी पोथ्या माळ्यावर घ्या, तांदळाचा डबा मी बघते."

मिलिंद मुलगा. 'अहो' नवऱ्याला. काळ बदलला हे सांगायला मी तारीख दिली नाही, तिरपा टाइप वापरला नाही, मध्ये ओळही सोडली नाही. त्या एका 'अहो'वर साठ वर्षं मागे जाता येतं. मराठीत हे किती हाताशी आहे! अरे, अहो, वन्सं, मामंजी यांतलं कोणतं संबोधन तोंडातून निघतं त्यावरून समोरच्या माणसाला ती कोण समजतेय, ते वाचकाला तत्क्षणी कळतं. दुसरी खूण नावाची. लग्नात तिचं नाव बदललं, वेणूची सुमती झाली. नातं, वय, घर सगळं त्या नावाबरोबर बदललं. म्हणून कथेत "सुमतीबाई" अशा हाकेला ती ओ देत नाही, तेव्हा ती माहेरी आहे हे ओळखायचं.

फक्त समोरच्या माणसाचं बोलणं कधीही ढळू द्यायचं नाही. मिलिंद आणि घरातली अनघा जे बोलतात ते आजचंच आणि खरं. वाचकाला पाय टेकायला तेवढी एक फरशी लागते. दुसऱ्या खर्ड्यात मी इथेच चुकले. एकाच पानात 'मी' वरून 'ती' वर चार वेळा गेले आणि अनघाचं बोलणंही सुमतीबाईंच्या कानांनी वाकडं ऐकवलं. मैत्रिणीला वाटलं, घरात आणखी एक बाई आहे. आता 'मी'ची 'ती' एकदाच होते, आरशासमोर. "कपाटाच्या दारात एक म्हातारी उभी होती. तिला बसायला सांगितलं, तर ऐकेना."

आणखी एक चूक मोजून काढली. पहिल्या खर्ड्यात "मला आठवत नाही" हे वाक्य अकरा वेळा होतं. जे मनात नोंदलंच गेलं नाही ते नाही, हे कळणार कसं? अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस लवकर बाधतो. नव्या आठवणी तिथे रुजायच्या, त्या रुजेनाशा होतात. जुन्या बऱ्याच काळ टिकतात. सकाळचा नाश्ता गेलेला असतो, पण तो गेलाय ही जाणीवही नसते, आणि रिकाम्या जागी माणूस मनापासून काहीतरी भरतो. ते खोटं बोलणं नसतं. म्हणून दहा ठिकाणचं वाक्य काढलं आणि तिथे तिला ठाम, चुकीचं उत्तर दिलं. एक ठेवलं, अगदी सुरुवातीचं, कारण पहिल्या दिवसांत माणसाला ते जाणवतं आणि फार भीती वाटते. आत्याच्या डोळ्यांत ती भीती मी पाहिली आहे.

प्रसंग गेला तरी त्याचा भाव मागे राहतो, हेही वहीतच सापडलं. एकदा सकाळी बहीण आत्यावर ओरडली. दुपारी आत्याला त्यातलं काही सांगता येईना, पण बहिणीच्या हातचा चहा तिनं घेतला नाही. कथेत मी याचा क्रम उलटा केला. दुसऱ्या पानावर सुमतीबाई अनघाच्या हातची वाटी बाजूला सारतात. कारण सातव्या पानावर येतं, तेही अनघाच्या बोलण्यातून.

तांदळाच्या डब्याचंही तसंच. पहिल्याच ओळीत तो कपाटावर आहे. का, ते कोणालाच ठाऊक नाही. अनघा तो खाली काढते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. पूर येतो तो पाचव्या पानावर.

शेवटाशी मात्र खूप दिवस झगडले. आजार वाढतो तशी भाषाच जाते, मग 'मी'नं शेवटपर्यंत सांगायचं कसं? दुसऱ्या खर्ड्यात शब्द विरळ करत गेले, पण ती माझीच कारागिरी दिसत होती. आता शेवटचं पान अनघाला दिलंय. ती डबा खाली काढत नाही. स्टूल ओढते, वर चढून वाटीभर तांदूळ घेते, झाकण लावते आणि डबा तिथेच ठेवते.

रविवार, सकाळ

रात्री एक गोष्ट राहून गेली होती. आत्या जेमतेम पाच फूट होती, सुमतीबाईही तेवढ्याच. पाच किलोचा भरलेला डबा कपाटावर रोज कसा पोचेल? आता स्वयंपाकघरात स्वतः करून बघितलं. स्टुलावरून जमतं, पण डबा आधी फ्रिजवर टेकवावा लागतो. म्हणजे फ्रिजवरच्या धुळीत डब्याच्या बुडाचा गोल उमटलेला असणार. तो पहिल्या पानात घालायचाय, अनघाला पुसताना दिसेल असा.